जिन्यात ओळख न दाखवल्याचा रुसवा कसा काढायचा

सोसायटीत राहायला येऊन महिना-दीड महिना झालेला असतो. तळमजल्यावरच्या काकू, ज्या रोज संध्याकाळी "आलात का ऑफिसातून?" म्हणायच्या, त्या आता तुम्ही दिसलात की कुंडीतली वाळलेली पानं खुडायला लागतात. दोन दिवसांनी वॉचमन सहज म्हणतो, "साहेब, तुम्ही कोणाशी बोलत नाही का?" एवढ्यावरून ओळखायचं की तुमच्या नावापुढे 'शिष्ट' हा शब्द लागला आहे. बहुतेक वेळा कारण एकच असतं. त्या समोर होत्या आणि तुम्ही ओळख न दाखवता पुढे गेलात.

पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक इथल्या जुन्या, लहान सोसायट्यांत हे फार घडतं, कारण तिथे बारा ते वीस घरं असतात आणि निम्म्या घरांत दिवसभर कोणीतरी असतं. गेटजवळ बाकडं असतं, त्यावर संध्याकाळी चार माणसं बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद त्यांच्याकडे आपोआप होते. दोनशे फ्लॅटच्या टॉवरमध्ये न बोलता गेलेलं खपतं, इथे नाही. पुढे एकच उदाहरण धरून चालू. सोलापूरहून पुण्यात नोकरीला आलेला एक तरुण, तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. तळमजल्यावर निवृत्त काका-काकू. मंगळवारी संध्याकाळी सातच्या सुमारास तो गेटातून आत आला, काकू दारात उभ्या होत्या, आणि तो सरळ जिना चढून गेला.

आधी खात्री करा, रुसवाच आहे ना

माणूस गप्प झाला म्हणजे तुमच्यावरच रागावला असं नाही. घरात आजारपण असेल, सुतक असेल, मुलाच्या लग्नाचं बिनसलं असेल. वयस्कर माणसाला मोतीबिंदू असतो, संधिप्रकाशात पाच पावलांवरचा चेहरा ओळखू येत नाही. कमी ऐकू येत असेल तर तुमचा "नमस्कार" त्यांच्यापर्यंत पोचलेलाच नसतो. म्हणून त्या बाकीच्यांशी कशा वागतात ते दोन दिवस पाहा. सगळ्यांशीच तुटक असतील तर त्यांचं काही वेगळं चाललं आहे, तिथे तुमचा खुलासा त्यांना उगाच ताप वाटेल.

रुसव्याची खूण वेगळी असते. बाकीच्यांशी हसून बोलणं चालू असतं आणि तुमच्यापुरतं थांबतं. तुमच्या बायकोला किंवा आईला विचारपूस होते, तुम्हाला नाही. आधी तुमचं कुरियर हक्काने घेऊन ठेवलं जायचं, आता डिलिव्हरीवाल्याला "वर जाऊन द्या" असं सांगितलं जातं. सगळ्यात खात्रीची खूण मात्र भाषेत सापडते. ज्या काकू तुम्हाला "अरे, ऐक ना" म्हणायला लागल्या होत्या, त्या पुन्हा "अहो" आणि "तुम्ही"वर गेल्या, तर समजा की गोष्ट मनाला लागली आहे. मराठीत 'तू'वरून 'तुम्ही'वर परत जाणं म्हणजे मान वाढणं नव्हे. दिलेली जवळीक काढून घेतली गेली, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या उदाहरणात काकू आधीपासून 'तुम्ही'च म्हणत होत्या, त्यामुळे ही खूण उपयोगाची नव्हती. पण बुधवारी तो दिसताच त्यांनी दार लोटून घेतलं आणि गुरुवारी वॉचमनचा प्रश्न आला. दोन दिवसांत दोन खुणा मिळाल्या, एवढं पुरेसं आहे.

तुमच्याकडून नेमकं काय झालं ते आठवा

ही पायरी लोक गाळतात आणि मग चुकीचा खुलासा देतात. बाहेरून सगळं सारखंच दिसलं तरी आतून तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

पहिली गोष्ट, तुम्हाला समोरचं माणूस दिसलंच नाही. तंद्रीत होतात, डोक्यात काम होतं. ही सगळ्यात सौम्य. दुचाकीवर हेल्मेट घालून गेलात तर बहुतेकदा ही चूक मोजलीच जात नाही. पुण्यात डोळ्यांपर्यंत स्कार्फ गुंडाळून जाणाऱ्या मुलींची तर गंमतच असते. त्यांना सगळे दिसतात, त्या कोणालाच ओळखू येत नाहीत. फक्त गाडी लावून, स्कार्फ काढून जिन्याकडे चालायला लागलात की ही सवलत संपते.

दुसरी गोष्ट, समोरचं माणूस काहीतरी बोललं आणि तुम्ही उत्तर दिलं नाही. ही जास्त लागते. "आज लवकर?" असं कोणी चार लोकांसमोर विचारलं आणि तुम्ही न थांबता गेलात, तर विचारणाऱ्याचा शब्द खाली पडला आणि तो बाकड्यावरच्या सगळ्यांनी पडताना पाहिला. हल्ली याचं मुख्य कारण कानातले छोटे वायरलेस इअरबड. केसांआड ते दिसत नाहीत. आधीच्या पिढीच्या डोक्यात 'कानाला फोन लावलेला माणूस' म्हणजे फोनवर बोलणारा माणूस. हात रिकामे आणि तोंड बंद असलेला माणूस मीटिंग ऐकत असेल हे त्यांना सुचत नाही, आणि सुचावं अशी अपेक्षाही धरू नये.

तिसरी गोष्ट, तुम्ही पाहिलंत आणि मुद्दाम मोबाइलमध्ये डोकं घातलंत. गर्वाने नव्हे, बिचकून. काय बोलावं सुचलं नाही, किंवा नाव आठवेना. हे कबूल करायला जड जातं, म्हणून माणूस "दिसलाच नाहीत हो" असं खोटं सांगतो. ते टिकत नाही, कारण नजरानजर झालेली त्यांना पक्की आठवत असते, आणि मग शिष्टपणाच्या जोडीला खोटेपणाही नावावर लागतो.

सोलापूरच्या तरुणाचं प्रकरण दुसऱ्या जातीचं होतं. कानात इअरबड होते, मॅनेजर बोलत होता, आणि काकूंनी "पाणी आलं का हो वर?" असं विचारलं होतं, ते त्याला ऐकूच आलं नव्हतं. हे त्याला वॉचमनकडून कळलं. तुम्हालाही नेमकं काय विचारलं गेलं होतं ते कळलं तर फार बरं, कारण पुढचं बोलणं त्याच धाग्यावरून सुरू करता येतं.

कधी गाठायचं

दोन-तीन दिवसांच्या आत. एकदा न बोलता गेलात ही घटना असते. दुसऱ्यांदा गेलात की तो तुमचा स्वभाव ठरतो, आणि स्वभावाबद्दल बनलेलं मत खुलाशाने सहसा बदलत नाही. म्हणून पहिल्या खुणेनंतर निदान दुसरी चूक होऊ द्यायची नाही. गेट ओलांडायच्या आधी, म्हणजे रस्त्यावरच, कानातलं काढून खिशात टाकायचं आणि मोबाइल हातात ठेवायचा नाही. सुधारणा इथून सुरू होते, बोलणं नंतर.

वेळ सकाळी भाजी किंवा दूध घेऊन परतताना, किंवा संध्याकाळी साडेसहा ते साडेसातच्या मधली. दुपारी एक ते चार घंटी वाजवायची नाही. पुण्यात ही वेळ कशासाठी असते हे नव्याने आलेल्याला लवकरच कळतं, फक्त ते चूक करून कळू नये. सकाळी पाणी भरायची धांदल, कुकरच्या शिट्ट्या, पूजेची वेळ हेही टाळा. सोवळ्यात असलेल्या माणसाला दारात बोलतं ठेवणं म्हणजे एका चुकीवर दुसरी.

जागाही महत्त्वाची. बाकड्यावर चार जण बसले असताना सगळ्यांसमोर खुलासा करू नका. तुम्हाला वाटेल की सगळ्यांसमोर चूक मान्य केली म्हणजे मोठेपणा. पण काकूंना आपण रागावलो होतो हेच चारचौघांत कबूल करावं लागतं, आणि त्या "छे, मला काय राग यायचाय!" म्हणून विषय झटकतात. झटकलेला विषय मिटत नाही, आत जाऊन बसतो. त्या एकट्या असताना, उंबऱ्यापाशी किंवा जिन्याच्या पहिल्या वळणावर गाठा. लिफ्ट असेल तर लिफ्टमध्ये नको, तिथे माणसाला निघून जायला जागा नसते.

जाण्याआधी दारावरची पाटी वाचून ठेवा. हाक 'काकू'च मारायची असली तरी आडनाव माहीत असावं. आणि 'काकू', 'आजी', 'वहिनी' यातलं काय म्हणायचं हे बाकीचे काय म्हणतात त्यावरून ठरवा. पन्नाशीच्या बाईला 'आजी' म्हणून खुलासा सुरू केलात तर पुढचं काहीच ऐकू जाणार नाही.

काय बोलायचं

आठ-दहा पावलं अंतर असतानाच नजर मिळवा. अगदी जवळ आल्यावर केलेला नमस्कार 'आता टाळताच येत नाही म्हणून केला' असा दिसतो. मग पाय थांबवा. चालता चालता बोललेलं या बाबतीत धरलं जात नाही. हातात पिशवी असेल तर खाली ठेवा. त्यावरून कळतं की तुम्हाला घाई नाही.

पहिलं वाक्य खुलाशाचं नको, ओळखीचं हवं. "काय काकू, भाजी आणलीत का?" त्यांनी "हं" म्हटलं तरी चालेल. बाहेर निघालेल्या माणसाला मात्र "कुठे चाललात?" असं विचारू नका. जुन्या माणसांना ते टोकणं वाटतं आणि काम होत नाही असा समज असतो. "निघालात वाटतं? या जाऊन" एवढं म्हणा, आणि खुलासा दुसऱ्या वेळेसाठी ठेवा.

मग एक वाक्य खरं कारण, एक वाक्य चूक मान्य. तिसरं नको. आपल्या उदाहरणात शनिवारी सकाळी काकू मंडईतून आल्या तेव्हा तो जिन्यापाशी थांबला आणि साधारण असं म्हणाला:

"काकू, परवा मंगळवारी तुम्ही पाण्याचं विचारलंत आणि मी तसाच वर गेलो. कानात फोन होता, ऐकूच आलं नाही. चुकलं माझं."

इथे शब्दांची निवड पाहण्यासारखी आहे. 'सॉरी' वयस्कर माणसासमोर पातळ पडतं, तो शब्द बसमध्ये पाय लागला तरी वापरतात. 'क्षमस्व' दुकानाच्या बंद दारावर असतं. 'माफ करा' घरगुती प्रसंगाला जड होतं, समोरच्याला आपण न्यायाधीश झाल्यासारखं वाटतं. 'चुकलं माझं' किंवा 'राहून गेलं हो' हे घरातले शब्द आहेत आणि ते घरातल्यासारखंच काम करतात.

काही वाक्यं कानाला बरी वाटतात आणि उलटतात. "तुमचा गैरसमज झाला असेल तर…" यात चूक समोरच्याची ठरते. "ऑफिसचं फार टेन्शन आहे हो" यातून 'माझं काम तुमच्याशी बोलण्याहून मोठं' असं ऐकू येतं, म्हणजे ज्या आरोपातून सुटायचं तोच पक्का. "ओळखलंच नाही तुम्हाला" हे तर सगळ्यात वाईट. महिनाभर ज्यांनी तुमची कुरियरं घेतली त्यांचा चेहरा तुमच्या लक्षात राहिला नाही, असा त्याचा अर्थ होतो. आणि "वॉचमन म्हणाला की तुम्ही रागावलात" हे कधीही बोलू नका. वॉचमनची नोकरी तिथेच आहे आणि काकूंना आपण चर्चेचा विषय झालो हे कळायला नको.

तिसऱ्या जातीची चूक असेल, म्हणजे पाहूनही टाळलं असेल, तर खरं तेच हलक्या आवाजात सांगा: "नवीन आहे ना, बोलायला जरा बिचकतो मी." हे वाक्य फार लवकर काम करतं. बुजऱ्या माणसावर कोणी फार काळ रागावून राहत नाही.

वाकून नमस्कार करावा का, असं पुष्कळ जण विचारतात. जिन्यात, भाजीच्या पिशव्यांच्या मध्ये, नको. तो नाटकी दिसतो. तो सणासाठी राखून ठेवा.

टोमणा आला तर आनंद माना

तुमच्या दोन वाक्यांनंतर बहुधा टोमणा येतो. "असू दे हो, आम्ही काय, साधी माणसं. तुम्ही मोठे साहेब लोक." नवखा माणूस इथे गडबडतो आणि सफाई द्यायला लागतो: नाही हो, मी तसा नाही, माझा स्वभाव असा नाही. सफाई लांबली की भांडणाचा सूर लागतो.

टोमणा ही चांगली खूण आहे. ज्याला संबंध तोडायचाच आहे तो टोमणा मारत नाही, तो "ठीक आहे" म्हणून आत जातो. टोमणा मारणाऱ्याला अजून तुमच्याकडून काहीतरी हवं आहे. म्हणून तो पूर्ण ऐकून घ्या, थोडं हसा आणि त्यांच्या हातात एक हक्क द्या: "नाही हो काकू. पुढच्या वेळी मी असा गेलो तर सरळ हाक मारून थांबवा मला."

या एका वाक्यावर बरंच काही अवलंबून आहे. ओळख न दाखवल्याने जे दुखावतं ते वडीलकीचं स्थान. मी मोठी, मी विचारलं, आणि याने दाद दिली नाही. 'हाक मारा' म्हणताना तुम्ही ते स्थान परत करता. शिवाय पुढे कधी पुन्हा कानात फोन राहिला तर त्या मनात राग धरण्याऐवजी खरंच हाक मारतात, आणि गोष्ट तिथल्या तिथे मिटते. आपल्या तरुणाला काकूंनी लगेच ऐकवलं, "मारीन हो, माझा आवाज खणखणीत आहे." मग पाण्याचा विषय निघाला, टाकीचा व्हॉल्व्ह कोण फिरवतं ते निघालं, आणि तो दोन-तीन मिनिटांत "येतो काकू" म्हणून वर गेला. 'जातो' म्हणायचं नाही, हे सोलापूरकराला सांगावं लागत नाही. शहरात वाढलेल्या मुलांना सांगावं लागतं.

दोन-तीन मिनिटं पुरे. पहिल्याच दिवशी पाऊण तास गप्पा मारल्या की रोज तेवढ्याच अपेक्षित होतात, आणि चौथ्या दिवशी घाईत निघालात की पुन्हा 'बदलला' असं होतं. जेवढं रोज जमेल तेवढंच पहिल्या दिवशी करा.

पुढचे पंधरा दिवस

खुलाशाने दार किलकिलं होतं, उघडतं ते सवयीने. पंधरा दिवस एकही खाडा न करता ओळख दाखवायची. दर वेळी थांबायची गरज नाही. मान लववून "काय काकू" एवढं चालतं, पण ते त्यांच्या आधी तुमच्याकडून आलं पाहिजे. घरात आणखी कोणी असेल, बायको, भाऊ, रूममेट, तर त्यांनाही सांगून ठेवा. अशा इमारतीत माणसाची चूक घराच्या खात्यावर लिहिली जाते, "त्यांच्याकडचे सगळेच तसले" हे वाक्य त्यातूनच येतं.

या दिवसांत काहीतरी द्यावं असं वाटतं, मिठाईचा बॉक्स वगैरे. तो अजून नको. खुलाशानंतर लगेच आलेली मिठाई भरपाईसारखी दिसते. त्याऐवजी काहीतरी मागा. मागणारा माणूस शिष्ट वाटत नाही, कारण शिष्ट माणूस मागत नाही. आणि मागायला विरजणासारखी दुसरी गोष्ट नाही. त्याला पैसे पडत नाहीत, ते प्रत्येक घरात असतं, आणि त्यात थोडं ज्ञान सांगायला मिळतं.

छोटी वाटी घेऊन सकाळी किंवा दुपारी चारनंतर, दिवे लागायच्या आत जा. तिन्हीसांजेनंतर दूध, दही, मीठ घराबाहेर द्यायचं नाही असं पुष्कळ घरांत पाळतात. त्या वेळी मागितलंत तर नाही म्हणताना त्यांनाच अवघडल्यासारखं होतं. अर्ध्या लिटर दुधाला एक चमचा विरजण पुरतं, तेवढंच मागा. दूध बोट सोसेल इतकं कोमट हवं. गरम दुधात विरजण घातलं तर ते फाटल्यासारखं होतं, आणि थंडीत झाकून उबेला ठेवावं लागतं. हे सगळं तुम्हाला आधीच माहीत असलं तरी काकूंना सांगू द्या.

मग दोन-तीन दिवसांत वाटी परत. रिकामी नाही. जुन्या रीतीप्रमाणे निदान चिमूटभर साखर तरी घालून देतात. खरी देवघेव इथे सुरू होते, आणि इथे काय घालायचं हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा अवघड आहे. वयस्कर घरात मधुमेह असण्याची शक्यता मोठी, म्हणून गोड टाळलेलं बरं, किंवा अगदी दोन वड्या. केक नेलात तर अंडं आहे का या शंकेने तो कामवाल्या मावशींकडे जातो. उपास कोणता, एकादशी आहे की संकष्टी, हे कॅलेंडरवर पाहून मगच शिजवलेला पदार्थ न्या.

आपल्या तरुणाच्या घरून सोलापूरची शेंगाचटणी आली होती. 'गावाहून आलंय' या दोन शब्दांचं वजन दुकानातल्या कोणत्याही खोक्याहून जास्त असतं, आणि पदार्थावरून गाव, गावावरून माणसं, असं बोलणं आपोआप पुढे सरकतं. पण त्या चटणीत लसूण असतो. दिवस चातुर्मासाचे होते आणि काही घरांत त्या चार महिन्यांत कांदा-लसूण वर्ज्य असतो. त्याने न विचारता वाटी भरून दिली असती तर काकूंनी हसून घेतली असती आणि ती फडताळात पडून राहिली असती. त्याने वाटी देताना आधी विचारलं, "काकू, लसूण चालतो ना?" तेव्हा कळलं की काकूंना चालत नाही, काकांना चालतो. चटणी काकांसाठी गेली, काकूंसाठी त्याने नुसते भाजलेले शेंगदाणे वेगळे दिले. सोलापूरचे दाणेही चांगले असतातच म्हणा. आपल्या घरातलं कोण काय खातं हे या मुलाला माहीत आहे, ही गोष्ट काकूंच्या लक्षात राहिली असणार. काका मात्र आणखी बरेच दिवस 'तुम्ही'वरच होते. पुरुषमाणसं अशा बाबतीत उशिरा वळतात, आणि त्यांना वळवायला वाटी चालत नाही. क्रिकेटचा स्कोअर किंवा सोसायटीच्या पाण्याचा प्रश्न चालतो.

महिने उलटून गेले असतील तर

तेव्हा जुना प्रसंग उकरू नका. सहा महिन्यांपूर्वीच्या मंगळवारचा खुलासा ऐकून समोरचा चकित होतो. अशा वेळी सणाची वाट पाहा, कारण आपल्याकडे काही सणांना दार वाजवायला कारण लागत नाही.

संक्रांतीचा तिळगूळ याच कामासाठी असावा इतका उपयोगी आहे. "तिळगूळ घ्या, गोड बोला" हे वाक्य सगळेच म्हणतात, त्यामुळे ते तुमच्या तोंडून आलं तरी त्यात माफी ऐकू येत नाही आणि तरी पोचायचं ते पोचतं. संक्रांतीलाच जमलं नाही तर रथसप्तमीपर्यंत चालतं. दसऱ्याला संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन जा. लहानाने मोठ्याकडे जायचं असतं, आणि वाकून नमस्कार आता करायचा. बाजारात आपटा म्हणून पुष्कळदा कांचनाची मोठी पानं विकतात. घेणाऱ्याला फरक कळला तर तेवढाच बोलायला विषय मिळतो. दोन पानं पुरतात, फांद्या नेऊ नका. गणपतीत त्यांच्याकडे आरतीला जाणं हेही चांगलं, फक्त दर्शन घेऊन पळू नका, आरती संपून प्रसाद हातावर पडेपर्यंत थांबा. दिवाळीचं फराळाचं ताट मात्र तितकं कामाचं नाही, कारण त्या दिवसांत प्रत्येक घरी सात-आठ ताटं येतात आणि कोणाची चकली कुठली हे कोणाच्या ध्यानात राहत नाही.

कुठे हे चालत नाही

दोन-तीनदा नीट प्रयत्न करूनही दार लोटलं जात असेल तर कारण ओळख न दाखवणं हे नाहीच. मागे काहीतरी दुसरं आहे: गाडी लावायची जागा, बाथरूममधून खाली झिरपणारं पाणी, रात्री उशिरा सरकवलेल्या खुर्च्या, किंवा भाडेकरूंबद्दल आधीपासूनच असलेली अढी. छताला ओल आली असेल तर तिळगुळाने ती वाळत नाही, प्लंबर आणावा लागतो. "काकू, आमच्यामुळे खाली काही त्रास होतोय का?" असं एकदा सरळ विचारा. पुष्कळदा उत्तर तयारच असतं, फक्त कोणी विचारलेलं नसतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर खुलासा पाठवू नका, खाजगीतसुद्धा. तो मेसेज घरातल्या मुलांना, बहिणीला, शेजारणीला वाचून दाखवला जातो, आणि लिहिलेल्या शब्दांना सूर नसतो. निरोपही पाठवू नका. तिसऱ्या माणसाच्या तोंडून "त्याचं म्हणणं असं की" असं आलं की त्यात त्याचं दोन पैशांचं मिसळलेलं असतं.

एकटी राहणारी मुलगी असेल आणि रुसलेला शेजारी एकटा पुरुष असेल, तर वर सांगितलेलं जिन्यातलं थांबणं तिच्यासाठी नाही. त्या घरात बाईमाणूस असेल तर तिच्याशी बोलावं, नसेल तर मान लववून पुढे जावं. त्याला कोणी शिष्टपणा म्हटलं तर म्हणू द्यावं.

आणि सगळं करूनही काही माणसं वळत नाहीत. तिथे खुलासा पुन्हा करायचा नाही, वाटीही पाठवायची नाही. दिसले की मान लववायची, उत्तर न आलं तरी. खाली बाकड्यावर बसलेले बाकीचे तीन जण ते पाहत असतात.